सबटायटल माणसाने लिहिलेत की यंत्राने? चित्रपट सुरू करण्याआधी तुम्ही कसं ओळखता?

धागाकर्ती: काल एक कोरियन चित्रपट चाळीस मिनिटांनी सोडला. दोघी बहिणी घर सोडून गेलेल्या आईबद्दल बोलत होत्या, आणि हिंदी सबटायटलमध्ये 'कब लौटेगा', 'कहाँ गया होगा'. मी समजत होते वडील गेलेत! कोरियनमध्ये कर्ता बरेचदा बोलून दाखवत नाहीत, तिथे यंत्राने अंदाज बांधला असणार. फार वाईट वाटलं. तुम्ही आधी कसं तपासता?

काठावरचा: मी थेट शेवटाला जातो. शेवटच्या संवादानंतर अनुवादकाचं नाव आलं की माणसाचं काम, नाही आलं की यंत्राचं.

रातपाळी: नऊ वर्षं सबटायटल लिहितेय, म्हणून सांगते. नाव दिसलं तर चांगली खूण आहे, पण यंत्राचा मसुदा सुधारणाऱ्याचंही नाव येऊ शकतं. आणि चांगल्या अनुवादकाचं नाव गाळलंही जातं.

मी भरभर बोलण्याचा प्रसंग काढून थांबवते. ओळ कुठे तुटली ते बघा. 'मी त्याला काल' वर आणि 'भेटले' खाली असं माणूस सहसा तोडत नाही. जागा कमी म्हणून तो वाक्य आखडतं घेतो. यंत्र शब्दन् शब्द ओतत जातं आणि वाचून होण्याआधी ओळ जाते.

पण वेळ अचूक आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. बरेचदा मूळ भाषेतल्या सबटायटलची वेळ माणसाने नीट लावलेली असते आणि त्याच साच्यात यंत्राचा अनुवाद भरतात. अशा वेळी नातं तपासा. त्याच दोन पात्रांचे सुरुवातीचे आणि मधले प्रसंग काढा. सून सासूला एकदा 'आप', पुढच्याच वाक्यात 'तू' म्हणत असेल आणि प्रसंगात तसं काही घडलं नसेल, तर मी तो चित्रपट त्या भाषेत बघत नाही.

निळी छत्री: माझ्याकडे सबटायटल दोन सेकंद उशिरा येतात. म्हणजे यंत्राचेच ना?

रातपाळी: नाही. सगळीकडे सारखाच उशीर असेल तर फाइल नीट जुळवलेली नाही, एवढंच. अनुवाद उत्तम असू शकतो.

शांतघर: मला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी चित्रपटाच्याच भाषेतलं कॅप्शन बघतो. माझी परीक्षा वेगळी. पडद्याबाहेरून कुणी बोललं तर त्याचं नाव येतं का? दार वाजलं तर लिहिलंय का? आपोआप केलेल्यात बहुतेक वेळा नुसतं [संगीत] असतं. रहस्यपटात तेवढ्यावर भागत नाही.

काठावरचा: पण घाईत काम केलेला माणूसही आप-तू घोळ घालेल की. मग ओळखायचं कसं?

रातपाळी: एका चुकीवरून मीही सांगू शकत नाही. घाई आणि यंत्र कधी कधी सारखेच दिसतात.

धागाकर्ती: आज दुसऱ्या चित्रपटाचे तीन प्रसंग तपासले, सहा मिनिटं लागली. नाव नाही, दुकानावरच्या पाटीचा अनुवादही नाही. पण बाप-लेकीतलं 'आप' तिन्हीकडे टिकलंय, आणि भांडणात ती एकदाच 'तुम' म्हणते. रात्री बघणार आहे.