मदत हवी आहे: कॅशलेस नाकारलं, बिल भरलं. विमा कंपनीला पत्र कसं लिहू?

चाकरमानी: ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईचं नाव आहे. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएने कॅशलेस नाकारलं, डिस्चार्जला १,३८,००० रुपये मी भरले. मेलमध्ये कारण असं: 'मधुमेह किती वर्षांपासून आहे याचा खुलासा नाही. उपलब्ध कागदांवरून कॅशलेस मंजूर करता येत नाही.' माझा मसुदा: 'आपण माझा क्लेम अन्यायाने फेटाळला आहे. तरी फेरविचार करून रक्कम द्यावी.' ठीक आहे का?

रोखठोक: पत्रबित्र सोडा, थेट विमा लोकपालाकडे जा. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

जुनी_फाईल: लोकपाल आत्ताच तक्रार घेणार नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार लागते, आणि तिने ती फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर मग तिकडे. इथे तर अजून क्लेमच दाखल झालेला नाही!

मी टीपीएत काही वर्षं काढली आहेत. तुमच्याकडे नाकारली आहे ती फक्त कॅशलेसची सोय. पत्रात 'क्लेम फेटाळला' लिहिलंत, तर ते तक्रारींच्या ढिगात जाईल. विषय लिहा, 'रिइम्बर्समेंट क्लेम दाखल करण्याबाबत'. मजकूर साधारण असा:

'दि. … च्या मेलने कॅशलेस नाकारताना मधुमेहाच्या कालावधीचा खुलासा मागितला होता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं त्याबाबतचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. बिलाची रक्कम रु. १,३८,००० मी भरली असून ती माझ्या खात्यात जमा करावी.'

सगळी मदार त्या प्रमाणपत्रावर आहे. ते नसेल तर तीच क्वेरी पुन्हा येणार. शिवाय ग्रुप पॉलिसीत बहुधा जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात. एचआरकडून ते कलम मागून घ्या. तसं असेल तर मधुमेह जुना असला तरी त्या कारणावर क्लेम अडायला नको, आणि कलमाचा क्रमांक पत्रातच टाका.

सुमनताई: माझ्या सासऱ्यांना कॅशलेस मिळालं होतं, तरी खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून डॉक्टरांच्या फीमध्येही कात्री लावली. तुमचंही तेच झालंय का?

चाकरमानी: नाही ताई, पैसे कापलेले नाहीत, एक रुपयाही मिळालेला नाही. जुनी_फाईल, ओरिजिनल कागद द्यायचेच का?

जुनी_फाईल: हो. डिस्चार्ज समरी, फायनल बिल आणि पैसे भरल्याची पावती ओरिजिनल मागतात. आधी सगळं स्कॅन करा. क्लेम फॉर्मचा भाग 'ए' तुम्ही भरा, 'बी' हॉस्पिटलच्या सही-शिक्क्यानिशी. कॅन्सल्ड चेक तुमचा, कारण कर्मचारी तुम्ही. मुदत पॉलिसीत पाहा, डिस्चार्जपासून मोजतात.

चाकरमानी: प्रमाणपत्र उद्या मिळेल. पण भाग 'बी'वर शिक्का द्यायला बिलिंगवाले तयार नाहीत, 'कॅशलेस नव्हतं, मग आमचा काय संबंध' म्हणतात. यावर कुणाकडे उपाय आहे का?