हिशोब लिहिते एफपीओचे, निरोप येतात नोकरीचे: लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये लिहू तरी काय?

आर्वीची_रोजकीर्द
मी आर्वीला राहते, बी.कॉम. आहे. तीन वर्षं एका शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे एफपीओत, अकाउंटंट होते. आता घरूनच तीन एफपीओ आणि एका जिनिंगचे हिशोब बघते. लिंक्डइनवर माझी हेडलाइन अशी आहे: ‘बी.कॉम. | टॅली | जीएसटी | इन्कम टॅक्स | एक्सेल | फ्रीलान्स अकाउंटंट | संधीच्या शोधात’. चार महिन्यांत पुण्या-नागपूरहून नोकरीचे सात-आठ निरोप आले, काम देणारा एकही नाही. मी काय करून देते हे गिऱ्हाइकाला कळेल असं काय लिहू?

टॅलीवाला_अमरावती
ताई, हेडलाइनला हात लावू नका. शोधात नाव वर यायचं तर शब्द पाहिजेत, आणि तुमच्याकडे ते आहेत. उलट अजून टाका: टीडीएस, पीएफ, पेरोल, ई-वे बिल. २२० अक्षरांची जागा मिळते, तुम्ही निम्मीही वापरली नाही.

खतावणी
टॅलीवाले भाऊ, शोधाचं तुमचं बरोबर आहे, हेडलाइनमधले शब्द शोधात धरले जातात. पण टॅली आणि पेरोल हे शब्द शोधतं कोण? ज्याला माणूस नोकरीवर ठेवायचा आहे तो. एफपीओचा सीईओ किंवा जिनिंगवाल्याचा मुलगा ‘टॅली’ शोधत नाही; टॅली त्याच्या ऑफिसात आधीच आहे, भरणारं कोणी नाही.

रोजकीर्दताई, ‘तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं’ ती यादी उघडा. फुकटच्या खात्यात मोजकीच नावं दिसतात, पण तेवढी पुरतात. त्यात एचआर, रिक्रूटर हेच असतील तर तुमची हेडलाइन अर्ज म्हणून वाचली जाते आहे. ‘संधीच्या शोधात’ आधी काढा. फोटोभोवती नोकरी शोधत असल्याची हिरवी कड असेल तर तीही काढा.

मग तुमच्या चारही गिऱ्हाइकांना फोन करा आणि एकच विचारा: ‘तुम्ही मला बोलावलं तेव्हा नेमकं काय अडलं होतं?’ उत्तर त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. आणि इथं टाका.

दारव्ह्याचा_दुकानदार
राजेहो, खेड्यात लिंक्डइन पाहून कोण राहिलं? माझं कृषी सेवा केंद्र आहे. माझा हिशोब लिहिणारा पोरगा मले बाजार समितीच्या गेटवर, चहाच्या टपरीवर भेटला. म्हणे, ‘बियाण्यावर जीएसटी नाही, खतावर ५ टक्के, फवारणीच्या औषधावर १८. तुमची तिन्ही बिलं एकाच गठ्ठ्यात हायेत, मी दर महिन्याले वेगळी करून देतो.’ मी तिथंच हो म्हटलं. हेडलाइन-फेडलाइन काही लागली नाही.

खतावणी
भाऊ, पोरगा टपरीवर बोलला ती हेडलाइनच होती की. स्वतःची डिग्री त्यानं सांगितली का? तुमचा गठ्ठा दाखवला.

तुमचं अर्धं मात्र मान्य. कृषी केंद्रवाला लिंक्डइनवर नाही, त्याच्यासाठी हेडलाइन लिहिणं म्हणजे रिकाम्या बाजारात दुकान मांडणं. एफपीओची गोष्ट वेगळी आहे. तिथं सीईओ पगारी असतो, बहुतेक शिकलेला तरुण. कंपनी उभी करून देणाऱ्या संस्थांचे लोकही लिंक्डइनवर असतात.

आर्वीची_रोजकीर्द
तीन फोन झाले, जिनिंगवाले उचलत नाहीत, हंगामाची घाई असेल. उत्तरं जशीच्या तशी:
पहिले सीईओ: ‘ऑडिटवाले साहेब दर वर्षी कागद मागत, अन् आम्ही दोन महिने कागदच शोधत बसत होतो.’
दुसरे: ‘संचालक मंडळात सभासद विचारत, खरेदीत नफा झाला की तोटा, अन् मला सांगता येत नव्हतं.’
तिसरे: ‘कापसाच्या खरेदीवरची जीएसटीची नोटीस आली होती.’
यावरून मी असं लिहिलं: ‘शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशोब ऑडिटच्या आधी पूर्ण करून देते | सभासदांची खरेदी, जीएसटी, मासिक नफा-तोटा | फ्रीलान्स अकाउंटंट, आर्वी’. चालेल का?

सनदी_नागपूर
मी सीए आहे. पहिल्यापेक्षा शंभर पटीनं बरं, पण एक धोका आहे. मोबाइलवर तुम्ही कुठं प्रतिक्रिया दिली की नावाखाली हेडलाइनचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, पुढं टिंबं. मी तुमची ओळ माझ्या फोनच्या रुंदीवर तोडून पाहिली. ती ‘शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशोब ऑडिट…’ इथं तुटते. वाचणाऱ्याला तुम्ही ऑडिट करता असं वाटणार. कंपनीचं वैधानिक ऑडिट फक्त प्रॅक्टिस करणारा सीए करू शकतो. तुमचा हेतू सरळ आहे, पण उद्या कुणी बोट दाखवलं तर टिंबांच्या पुढचं कोण वाचतो?

‘टॅक्स कन्सल्टंट’, ‘टॅक्स एक्स्पर्ट’ हे शब्दही टाळा. तुम्ही हिशोब लिहिता, जुळवता, वेळेत देता. तेच छातीठोकपणे लिहा.

टॅलीवाला_अमरावती
मग ‘दंड लागू देणार नाही’ असं लिहा ना. एफपीओवाल्याला दंडाचीच भीती असते. कंपनी नोंदणीच्या कार्यालयात, म्हणजे आरओसीत, ताळेबंदाचा फॉर्म उशिरा गेला की दिवसाला १०० रुपये, वार्षिक विवरणाचे वेगळे १००. ही ओळ वाचून कोण फोन करणार नाही?

सनदी_नागपूर
भीती खरी आहे, वचन खोटं ठरेल. ताळेबंदाचा फॉर्म आमसभेनंतर ३० दिवसांत आणि वार्षिक विवरण ६० दिवसांत भरायचं असतं. म्हणजे सगळं आमसभेवर अडतं. उत्पादक कंपनीच्या आमसभेला एकूण सभासदांच्या किमान एक चतुर्थांश लोक हजर लागतात. ४०० सभासद असतील तर १०० माणसं. सोयाबीन कापणीला आलं असताना ती गोळा करणं अकाउंटंटच्या हातात आहे का? संचालकाची डिजिटल सही संपलेली असते, ती कोण आणणार? जे तुमच्या टेबलावर पूर्ण होतं तेवढंच लिहा.

खतावणी
सनदी साहेबांचं दोन्ही मान्य. ताई, शब्द पुढं-मागं करा. पहिल्या तुकड्यात गिऱ्हाईक आणि काम, दोनच गोष्टी राहू द्या. ऑडिटर मागं जाऊ द्या, तोही ‘ऑडिटरला कागद तयार’ अशा रूपात, म्हणजे तो दुसरा कुणी आहे हे दिसेल. ‘फ्रीलान्स अकाउंटंट’ हे दोन शब्द मात्र ठेवाच. टॅलीवाल्या भाऊंचा मुद्दा तिथं लागू पडतो, काम देणारा शेवटी ‘अकाउंटंट’ असंच शोधेल. आणि तो रोमन लिपीत शोधेल, त्यामुळं ओळ मराठीत ठेवली तरी हे दोन शब्द रोमनमध्ये टाका.

कापसाच्या नोटिशीचं हेडलाइनमध्ये घालू नका, त्याला जागा लागते. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीनं शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की ५ टक्के कर घेणाऱ्यानंच भरायचा असतो. ३० लाखांच्या खरेदीवर दीड लाख, तेही रोखीनं. आधी भरलेल्या कराच्या जमा क्रेडिटमधून चालत नाही. नियमानं बसत असेल तर त्याच महिन्याच्या विवरणात त्याचं क्रेडिट परत मिळतं. म्हणून पुष्कळ जण म्हणतात ‘इकडून तिकडं तेच’ आणि भरतच नाहीत, मग नोटीस व्याजासकट येते. तुम्ही हे कसं निस्तरलं ते प्रोफाइलच्या ‘अबाउट’मध्ये चार ओळींत लिहा. हेडलाइन वाचून आलेला माणूस तिथं थांबतो.

संत्रा_मोर्शी
मला जरा वेगळं विचारायचं होतं. आमच्या बचत गटाचे हिशोब ताई करतील का, आणि महिन्याचे किती घेतील? हेडलाइनमध्ये दर का नाही लिहीत?

आर्वीची_रोजकीर्द
संत्रा, निरोप पाठवा, बोलू. दर लिहिला नाही कारण ८० खरेदी पावत्यांची कंपनी आणि ८०० पावत्यांची कंपनी एका दरात बसत नाही.

पांढरकवडा_पावती
मी पण एफपीओचेच हिशोब करतो आणि सगळ्यांच्या विरुद्ध बोलतो. एवढं नेमकं लिहून स्वतःला एफपीओला बांधून घेऊ नका. १०,००० एफपीओंची केंद्राची योजना २०२० ची. त्यात एका कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, सीईओचा आणि अकाउंटंटचा पगार त्यातूनच निघतो. तीन वर्षं सरली की तो आधार तुटतो. एका कंपनीकडे माझे पाच महिन्यांचे पैसे अडकले आहेत, आता सीईओच सोडून गेला, फोन कुणाला करू? जिनिंग, डाळमिल, ट्रान्सपोर्टवाले पैसे देतात. ‘कापूस आणि धान्य व्यापाराचे हिशोब’ असं मोकळं लिहा.

खतावणी
पावती भाऊ, तुमचा अनुभव नाकारत नाही. पण आधार तुटतो म्हणूनच पूर्ण पगाराचा अकाउंटंट परवडत नाही, आणि महिन्याला चार दिवस देणारा लागतो. ताईंची स्वतःची नोकरी तीन वर्षांनी का सुटली असेल? पैसे अडकण्यावर इलाज हेडलाइनमध्ये नाही. आगाऊ घ्या, नाहीतर दुसऱ्या महिन्यात वही बंद करा.

पांढरकवडा_पावती
आगाऊ म्हटलं की गावात ‘मोठा साहेब झाला’ म्हणतात. नागपुरात बसून सोपं आहे.

खतावणी
मी पुसदला असतो भाऊ.

आर्वीची_रोजकीर्द
आज हे टाकलं: ‘शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशोब दर महिन्याला लावून देते | सभासद खरेदी, जीएसटी, संचालकांसाठी नफा-तोटा, ऑडिटरला कागद तयार | फ्रीलान्स अकाउंटंट, आर्वी (वर्धा)’. ‘फ्रीलान्स अकाउंटंट’ हे दोन शब्द तिथं रोमनमध्ये टाकलेत. बहिणीच्या फोनवर तोडून पाहिलं, ‘…हिशोब दर महि’ पर्यंत दिसतं. जिनिंगवाल्यांनीही संध्याकाळी फोन केला. मला का बोलावलं हे त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘तू कागद मागतेस अन् ओरडत नाहीस.’ हे कुठं लिहू?

दारव्ह्याचा_दुकानदार
हे त लिहाच बाप्पा. पहिल्या तुकड्यात.

टॅलीवाला_अमरावती
मी अजूनही म्हणतो, पेरोल टाका. महिन्याभरानं प्रोफाइल कोणी पाहिलं ती यादी इथं सांगा, मग बघू.