अनुभव धागा: बफर लहान केला की आवाज का तुटतो?

कोथरूड, घरी भावगीते ध्वनिमुद्रित करणारी

घरच्या घरी इंटरफेस लावून ध्वनिमुद्रण करणाऱ्या सर्वांना या धाग्यावर अनुभव लिहिण्याचे निमंत्रण देत आहे. बफर 256 वर ठेवला तर हेडफोनमध्ये माझाच आवाज मला किंचित मागाहून ऐकू येतो आणि जागा घेताना गळा अडखळतो, तर 64 वर आणला की मध्येच कट्-कट् असे आवाज येऊन ध्वनिमुद्रण खराब होते. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा प्रोसेसरचा वापर जेमतेम 30 टक्के दिसतो. प्रोसेसर एवढा मोकळा असताना आवाज का तुटावा, हे मला समजून घ्यायचे आहे. आपण बफर किती ठेवता आणि प्रत्यक्ष विलंब कधी मोजून पाहिला आहे का, तेही कृपया लिहावे.

कर्वेनगर, गिटारवादक

मी सॅम्पल रेट 48 वरून 96 किलोहर्ट्झ केला आणि बफर 128 तसाच ठेवला. विलंब स्पष्टपणे कमी झाला, गिटारचा हात मोकळा झाला. त्यामुळे बफर लहान करण्याऐवजी सॅम्पल रेट वाढवावा, म्हणजे आवाज तुटण्याचा प्रश्नच येत नाही, असे माझे मत आहे.

नारायण पेठ, ध्वनिमुद्रक

कोथरूडच्या ताईंचा प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पल्सचा बफर भरायला 2.67 मिलिसेकंद लागतात. तो भरल्यावर संगणक त्यावर काम करतो, आणि तेवढ्या वेळात पुढचा बफर भरत असतो. झालेले काम मग बाहेर जाणाऱ्या बफरमधून वाजते. म्हणजे माइकपासून हेडफोनपर्यंतच्या फेरीत बफर किमान दोनदा मोजावा लागतो. त्यात दोन्ही बाजूंच्या कन्व्हर्टरचा आणि यूएसबी ड्रायव्हरने सुरक्षिततेसाठी स्वतःकडे राखलेला वेळ मिळवावा लागतो, आणि हा भाग सेटिंगच्या खिडकीत बहुधा दिसत नाही.

हे पडताळण्यासाठी मी इंटरफेसचे एक आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडले, एक टिक वाजवली आणि ती परत आल्यावर किती सॅम्पल्स मागे पडली ते वेव्हफॉर्म मोठा करून मोजले. त्याआधी रीपरमधील `Use audio driver reported latency` ही खूण काढून टाकावी लागते, नाहीतर प्रोग्राम मुद्रित टिक आपणहून तेवढीच आधीच्या जागी सरकवतो आणि खरा विलंब दिसतच नाही. बफर 64 असताना फरक 284 सॅम्पल्स आला, 128 ला 412 आणि 256 ला 668. प्रत्येक आकड्यातून बफरची दुप्पट वजा करून पाहा, तिन्ही वेळा 156 उरतात, म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिसेकंद. हा भाग माझ्या इंटरफेसचा स्वतःचा आहे आणि बफर कितीही लहान केला तरी तो जात नाही. म्हणूनच 128 वरून 64 वर आल्यावर विलंब निम्मा न होता 8.6 वरून 5.9 मिलिसेकंदांवरच आला. सर्व ड्रायव्हर इतके सरळ वागत नाहीत, काहींचा राखीव भागही बफरबरोबर बदलतो, त्यामुळे प्रत्येकाने स्वतःच्या यंत्रावर मोजलेले बरे.

आता आवाज तुटण्याविषयी. 30 टक्के ही सरासरी आहे, आणि इथे सरासरीला अर्थ नाही. पंगतीत दिवसभरात एकूण किती आमटी वाढली याला महत्त्व नसते, पान कोरडे पडण्याआधी वाढपी पोहोचला का एवढेच महत्त्वाचे असते. 256 च्या बफरला संगणकाजवळ 5.33 मिलिसेकंद असतात. समजा, प्लगइन्सचे काम त्यातले दीड मिलिसेकंद घेते आणि मध्येच दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर दोन मिलिसेकंद अडवून धरला, तरी साडेतीनमध्ये सारे आटोपते. 64 ला प्लगइन्सचे काम साधारण चौथाईवर येते, पण मुदतही 1.33 मिलिसेकंदच उरते, आणि दोन मिलिसेकंदांचा अडथळा मात्र तेवढाच राहतो. बफर वेळेत भरत नाही, आउटपुटला द्यायला काही नसते आणि आपल्याला कट् ऐकू येते. सेकंदातून एकदाच असे झाले तरी टास्क मॅनेजर 30 टक्केच दाखवणार.

कर्वेनगरच्या मित्रांचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर आहे. 96 ला 128 सॅम्पल्स 1.33 मिलिसेकंदांत संपतात, म्हणून विलंब घटला. पण मुदत 48 ला 64 ठेवल्यावर असते तितकीच झाली, आणि त्या मुदतीत दुप्पट सॅम्पल्सवर काम करायचे आले. तुमच्या प्रकल्पात प्लगइन्स कमी असतील म्हणून ते निभावले. कन्व्हर्टरमधील फिल्टरचा विलंब सॅम्पल्समध्ये मोजला जात असल्याने तो 96 ला खरोखर कमी होतो, एवढा फायदा मान्य करावा लागेल.

सहकारनगर, व्हायोलिन शिक्षिका

माझी अडचण याच स्वरूपाची आहे. नाशिकच्या विद्यार्थिनीला ऑनलाइन शिकवताना तिचा ताल नेहमी मागे पडतो. बफर 32 वर आणूनही काही फरक पडला नाही.

नारायण पेठ, ध्वनिमुद्रक

बाई, बफरचा संबंध तुमच्या व्हायोलिनपासून तुमच्या संगणकापर्यंत आणि तिथून तुमच्याच कानापर्यंत येतो. इंटरनेटवरचा विलंब आणि कॉलच्या प्रोग्रामने राखलेला साठा त्याहून कितीतरी मोठा असतो आणि तो या सेटिंगने कमी होणार नाही. उलट 32 ला तुमचाच आवाज तुटून तिच्याकडे जाण्याची शक्यता वाढते. शिकवण्यासाठी 256 किंवा 512 ठेवावे.

सिंहगड रस्ता, पॉडकास्टचे संकलन करणारा

लॅपटॉपवर 128 ला दर काही सेकंदांनी आवाज तुटत असे आणि प्लगइन्स सारे काढून टाकले तरी ते थांबत नसे. तुटण्याचे कारण प्लगइन्स नाहीत, एवढे त्यावरून कळले. LatencyMon चालू ठेवल्यावर सर्वांत जास्त वेळ अडवणाऱ्यांत `ndis.sys` दिसले, म्हणजे नेटवर्कची बाजू. ध्वनिमुद्रणापुरते वाय-फाय बंद केले आणि त्याच 128 वर काम सुरळीत चालू लागले. ताईंनी बफर वाढवण्याआधी हे करून पाहावे. रिकाम्या प्रकल्पातही आवाज तुटत असेल तर दोष बाहेर आहे, आणि प्लगइन्स भरल्यावरच तुटत असेल तर काम मुदतीत मावत नाही.

कोथरूड, घरी भावगीते ध्वनिमुद्रित करणारी

वाय-फाय बंद केल्यावर 128 वर आवाज तुटणे थांबले, 64 वर मात्र अजून अधूनमधून तुटतो. 128 चा विलंबही मला गाताना जाणवतो, माझ्या गिटारवादक भावाला मात्र जाणवत नाही. हे कसे?

औंध, गायक

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतून तत्काळ ऐकू येतो आणि हेडफोनमधला उशिराचा आवाज त्यात मिसळून पोकळ वाटतो. गिटारवाल्याच्या कवटीत असे काही घडत नाही. मी इंटरफेसचे डायरेक्ट मॉनिटरिंग वापरतो, त्यामुळे माझा कोरडा आवाज संगणकात न जाता थेट कानाला येतो. प्रोग्राममधून फक्त रिव्हर्ब परत घेतो, त्यातला कोरडा भाग शून्य ठेवतो. रिव्हर्ब वीस-पंचवीस मिलिसेकंद उशिरा आला तरी खोली थोडी मोठी वाटते, इतकेच. बफर 512 ठेवूनही चालते. मात्र प्रोग्राममधील ट्रॅकचे मॉनिटरिंग चुकून चालू राहिले तर आवाज दुहेरी येतो.

नारायण पेठ, ध्वनिमुद्रक

औंधच्या गायकांचा उपाय चांगला आहे, पण ट्यूनिंग सुधारणारे प्लगइन ऐकतच गायचे असेल तर तो लागू पडत नाही. किती मिलिसेकंद चालतात याबद्दल माझ्याकडे येणाऱ्या गायकांचेही एकमत होत नाही.

कर्वेनगर, गिटारवादक

केबल लावून मोजले. 48 ला 128 वर 431 आले, इंटरफेस काढून पुन्हा लावल्यावर 438. सेटिंग काहीच बदललेले नव्हते. आणखी कोणाच्या यंत्रावर असा फरक पडतो का?