मदत हवी आहे: कंपनी रजिस्टर आहे, लोगोही आहे, मग मसाल्याचं नाव आमचं झालं का?

मसालेवाली_इचलकरंजी
नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ मिळून कांदा-लसूण मसाला करतो. 2021 ला घरातूनच सुरुवात केली, 2023 मध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. उद्यम आहे, एफएसएसएआय आहे. पाकिटावरच्या नावात पहिला शब्द 'कोल्हापुरी', दुसरा आमच्या गावदेवीचं नाव आणि तिसरा 'मसाले'. कंपनीच्या नावातही देवीचं नाव आहे, पुढे 'फूड्स प्रायव्हेट लिमिटेड'. लोगो गावातल्याच एका मुलाने करून दिला, खलबत्ता आणि दोन मिरच्या.

आता बार्शीचा एक दुकानदार म्हणतो की सोलापूरकडचा कुणीतरी त्याच देवीच्या नावाने मसाला विकतोय, स्पेलिंग थोडं वेगळं. गिऱ्हाईक विचारतं, यातला खरा कुठला? आमचे सीए म्हणतात कंपनी रजिस्टर आहे, नाव कुणी घेऊ शकत नाही. दीर म्हणतात ट्रेडमार्क लागतो. छापखानावाले म्हणतात ट्रेडमार्क लोगोचा असतो, नावाचा नाही. ब्रँड, ट्रेडमार्क, लोगो, कंपनीचं नाव ही एकच गोष्ट आहे की चार? आमच्याकडे यातलं नक्की काय आहे?

सचिन_चाकण
ताई, सोपं आहे. लोगोत नाव घालून एकच अर्ज टाका, दोन्ही सुरक्षित होतात आणि पैसे वाचतात. अर्ज केल्याबरोबर पाकिटावर ® छापा, समोरचा घाबरतो. पण घाई करा, जो आधी अर्ज करेल त्याचंच नाव होतं.

रानमेवा
आधी डोमेन आणि इन्स्टाचं नाव घेऊन ठेवा. आमच्या आवळा कँडीचं नाव दुसऱ्याने इन्स्टावर घेतलं, आता आम्हाला शेवटी आकडा लावून फिरावं लागतंय.

अनघा_दादर
ट्रेडमार्क एजंटच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रानमेवा, तुमचा सल्ला चांगला आहे, पण डोमेन किंवा इन्स्टाचं नाव मिळालं म्हणून नावावर कायदेशीर हक्क येत नाही.

मसालेवाली ताई, अमूलच्या लोण्याचा डबा हातात घ्या. 'अमूल' हा शब्द तुम्ही दुकानात उच्चारता. माल बाजारात आणणाऱ्या संस्थेचं नाव मात्र गुजरात को-ऑपरेटिव्ह मिल्क मार्केटिंग फेडरेशन. आणि 'अमूल' हा ट्रेडमार्क त्या फेडरेशनच्या मालकीचा नाही, तो आणंदच्या खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाचा आहे. म्हणजे संस्थेचं नाव एक, ट्रेडमार्कचा मालक दुसरा. आणि डब्यावरचं नाव बघून आपण न चाखता तो उचलतो, त्या ओळखीला, त्या भरवशाला ब्रँड म्हणतात. ब्रँडची नोंदणी करणारं सरकारी खातंच नाही. ब्रँड रजिस्टर केला असं लोक म्हणतात तेव्हा ट्रेडमार्क रजिस्टर केलेला असतो.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. कंपनीच्या नावाची नोंद कंपनी मंत्रालयाकडे होते. त्याच नावाची किंवा फार जवळच्या नावाची दुसरी कंपनी तिथे निघणार नाही, एवढं तुमच्या सीएंचं बरोबर. पण सोलापूरच्या माणसाने कंपनी काढलेलीच नसेल, साधी मालकीची फर्म असेल, तर त्या नोंदणीचा त्याला काहीच अडथळा नाही. उलट त्याने ट्रेडमार्क रजिस्टर करून घेतला, तर तुमच्या कंपनीच्या स्थापनेपासून 3 वर्षांच्या आत तो तुमच्या कंपनीचं नाव बदलायला लावण्याचा अर्ज सरकारकडे करू शकतो. कंपनी कायद्याचं कलम 16. म्हणून 'कंपनी रजिस्टर आहे' यावर निर्धास्त राहू नका.

सचिन, तुमच्या तिन्ही मुद्द्यांत थोडं खरं आहे, पण अर्धवट. लोगो आणि नाव एकत्र असलेला अर्ज करता येतो, पण मग संरक्षण त्या पूर्ण चित्राला मिळतं, त्यातल्या प्रत्येक शब्दाला नाही. ताईंच्या लोगोतले 'कोल्हापुरी' आणि 'मसाले' हे शब्द कुणीही वापरू शकतो, कारण माल कुठला आणि कसला ते सांगणारे शब्द एकट्याच्या मालकीचे होत नाहीत. ज्याला ओळख म्हणता येईल तो एकच शब्द उरतो, देवीचं नाव. तेही डळमळीत असतं, कारण देवादिकांची नावं बरेच जण वापरतात. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उदबत्तीसाठी नुसतं 'रामायण' हे नाव एकाला द्यायला नकार दिला होता. देवीच्या नावाला तुमचा स्वतःचा एखादा वेगळा शब्द जोडता आला तर पाया पक्का होईल. शब्दाचा अर्ज साध्या अक्षरांत वेगळा करा. मग उद्या लोगो बदलला, रंग बदलला, तरी शब्द तुमचाच राहतो. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर मी शब्दाचा अर्ज आधी करेन.

® नोंदणी झाल्यावरच. आधी लावलं तर कायद्याने तो गुन्हा ठरतो. TM मात्र आजपासून छापा, त्याला परवानगी लागत नाही.

फी एका वर्गाची ऑनलाइन 4,500 रुपये, पण कंपनीला ही सवलत हवी असेल तर अर्जासोबत उद्यम प्रमाणपत्र जोडा, नाहीतर 9,000 पडतात. मसाला वर्ग 30 मध्ये येतो. पुढे लोणचं काढणार असाल तर त्याचा वर्ग 29, म्हणजे फी वेगळी. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षांची, मग नूतनीकरण.

'आधी अर्ज त्याचं नाव' हेही पूर्ण खरं नाही. आपल्याकडे आधी वापर करणाऱ्याला जास्त बळ आहे. ताई, आधी ipindia.gov.in वर जाऊन ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात देवीचं नाव घाला, वर्ग 30 निवडा. नुसत्या स्पेलिंगवर थांबू नका, उच्चाराने शोधण्याचा पर्यायही वापरा. सोलापूरवाल्याचं स्पेलिंग वेगळं असलं तरी तिथे दिसेल.

बेकर_मडगांव
लोगोचा विषय निघालाय म्हणून विचारतो. आमच्या बेकरीचा लोगो एकाकडून पैसे देऊन करून घेतला होता. आता बॉक्ससाठी मूळ फाईल मागतोय तर म्हणतो, डिझाइन माझं आहे, वेगळे पैसे द्या. पैसे दिले म्हणजे लोगो आमचा नाही का?

अनघा_दादर
आपोआप नाही. लोगोचं चित्र ही कलाकृती, आणि कॉपीराइट कायद्यात कलाकृतीचा पहिला मालक ती काढणारा. तो तुमचा पगारी नोकर असेल तर हक्क तुमचा, पण बाहेरच्या डिझायनरने केलेल्या लोगोचा हक्क तुमच्याकडे यायला लेखी हस्तांतर लागतं. पैसे दिल्याची पावती पुरत नाही. त्या कागदात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे दोन शब्द घालून घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मूळ फाईल देणं हा मात्र वेगळा व्यवहार आहे, तोही त्याच कागदात लिहून घ्या.

मसालेवाली ताई, तुमच्या खलबत्त्यालाही हेच लागू. गावातलाच मुलगा आहे, संबंध चांगले आहेत तोवर एका पानावर सही घ्या.

मसालेवाली_इचलकरंजी
अनघाताई, मनापासून आभार. त्या मुलाकडून सही घेते, तो तयार आहे. शोधही घेतला. सोलापूरच्या माणसाचा अर्ज सापडला, वर्ग 30, शब्दाचा. स्थिती 'Objected' दाखवतेय. म्हणजे कुणीतरी हरकत घेतली आणि त्याचा अर्ज गेला, असंच ना? त्यात वापर 2022 पासून असं लिहिलंय. आम्ही 2021 पासून विकतोय, म्हणजे नाव आमचं ठरलं?

सचिन_चाकण
ठरलंच की! 2021 आधी येतं.

अनघा_दादर
थांबा, दोन्हीकडे घाई होतेय.

'Objected' म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षकाने शंका काढली आहे. बाहेरच्या कुणी हरकत घेतली तर 'Opposed' दिसतं. परीक्षकाच्या अहवालाला त्याने महिन्याभरात नीट उत्तर दिलं तर अर्ज पुढे सरकतो आणि ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो. छापल्यापासून 4 महिन्यांत तुम्हाला विरोध नोंदवता येतो. मुदत गेली की तो दरवाजा बंद. त्याचा अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि दर आठवड्याला स्थिती बघत जा.

आता 2021. तेव्हा मसाला कोण विकत होतं? तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई. कंपनी 2023 ची. कायद्याच्या नजरेत कंपनी ही तुमच्यापेक्षा वेगळी व्यक्ती आहे. कंपनीच्या नावाने अर्ज करून 2021 पासूनचा वापर सांगायचा असेल, तर ते नाव आणि त्यामागचा धंदा तुम्ही दोघींनी कंपनीला दिला, असा कागद हवा. तो केलेला नसेल तर कंपनीचा वापर 2023 पासूनच मोजला जाईल, आणि मग सोलापूरवाला तुमच्या आधीचा ठरेल. तुमच्या पूर्ण प्रश्नातलं सगळ्यात नाजूक ठिकाण हेच आहे. असा कागद मागाहून करता येतो, पण त्यावर जुनी तारीख घालू नका. आजची तारीख घालून, 2021 पासून आम्ही दोघी हे नाव वापरत होतो, असं त्यात स्पष्ट लिहितात. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

आणि 2021 चा वापर नुसता सांगून चालत नाही. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात. तुमच्याकडे काय आहे?

मसालेवाली_इचलकरंजी
असा कागद झालेला नाही. सीएंनी कधी विचारलंही नाही. जीएसटी 2023 चा. त्याआधीची हाताने लिहिलेली बिलबुकं आहेत, व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी आहेत, आणि पहिल्या पाकिटांचं छपाईचं बिल असावं. पण विक्री तेव्हा इचलकरंजी आणि कोल्हापुरातच होती. सोलापुरात आम्ही नव्हतोच.

अनघा_दादर
हाताने लिहिलेल्या बिलांवर समोरचा वकील शंका घेतोच. छपाईचं बिल जास्त वजनदार, कारण ते तिसऱ्या माणसाने दिलेलं असतं. त्यावर तारीख आणि पाकिटावरचं नाव दोन्ही असेल तर उत्तम. एफएसएसएआयचा पहिला कागद 2021 चा असेल तर तोही काढा.

सोलापुरात तुमची विक्री नव्हती, याचा परिणाम किती होईल ते मला खात्रीने सांगता येणार नाही. नोंदणीला विरोध करताना पूर्वीचा वापर कामाला येईल. पण त्याला तिथली विक्री थांबवायला लावायची असेल, तर त्या भागात तुमचं नाव लोकांना माहीत होतं, हे दाखवावं लागतं. तिथे मतं वेगवेगळी पडतात.

न्यूजर्सीकर
माझी भाजणी आणि मेतकूट इथे बरं विकलं जातं. भारतातला ट्रेडमार्क आहे, तो इथे चालेल ना?

अनघा_दादर
नाही, प्रत्येक देशाची नोंदणी वेगळी. भारत 2013 पासून माद्रिद करारात आहे, त्यामुळे भारतातल्या नोंदणीच्या आधारावर बाहेरच्या देशांसाठी अर्ज करता येतो. पण त्यासाठी तुमचा व्यवसाय भारतात असायला हवा किंवा तुम्ही भारताचे नागरिक किंवा रहिवासी असायला हवं. तुमचं ग्रीन कार्ड, नागरिकत्व काय आहे ते सांगा, वेगळा धागा काढा.

मसालेवाली_इचलकरंजी
छपाईचं बिल सापडलं, ऑगस्ट 2021 चं. नाव आहे, पण 'कोल्हापुरी' शब्द नाही, फक्त देवीचं नाव आणि 'मसाले'. चालेल का?

अनघा_दादर
हवा होता तो देवीच्याच नावाचा पुरावा. स्कॅन करून ठेवा, मूळ प्रत कुणाला देऊ नका. अर्जही त्याच शब्दावर करा, 'कोल्हापुरी' सोडून. कंपनीला नाव देण्याचा कागद आधी, मग अर्ज. वकिलाकडे जाताना छापखानावाल्यांनाही विचारा, त्यांच्या वहीत त्याच बिलाची नोंद आहे का.