मदत हवी आहे: १२ माणसं, तीन बर्नर, सणाचं जेवण दुपारी १ वाजता. सगळं एकाच वेळी गरम कसं वाढायचं?

उंबरठा

येत्या सणाला १२ जण जेवायला आहेत. बेत साधा आहे: भात, वरण, एक रस्सा भाजी, बटाट्याची भजी, पुऱ्या, तांदळाची खीर आणि कोशिंबीर. प्रत्येक पदार्थ वेगवेगळा नीट जमतो, अडचण फक्त वेळेची आहे. मागच्या वेळी भजी आधी तळून ठेवली, ती मऊ पडली. पुऱ्या संपेपर्यंत भात कोमट झाला आणि खीर इतकी घट्ट झाली की डाव उभा राहील.

घरात तीन बर्नरची शेगडी आहे (एक मोठा, एक मध्यम, एक लहान), ५ लिटरचा एकच कुकर आणि एक ओव्हन. मदतीला दोन जण आहेत. कोणता पदार्थ किती वाजता सुरू करायचा, असं वेळापत्रक कोणी सांगेल का?

सोनचाफा

इतका विचार करू नका. सकाळी लवकर उठून १० वाजेपर्यंत सगळं करून ठेवा आणि साडेबाराला एकेक गरम करा. वरण आणि भात तर कुकरला एकदमच लावता येतात, एक बर्नर वाचतो. वरण-रस्सा दुसऱ्यांदा गरम केला की चव उलट वाढते.

शेगडीसमोर

सोनचाफा, रस्सा आणि वरण याबद्दल बरोबर आहे. भात आणि खीर मात्र कोमट अवस्थेत तीन तास ओट्यावर ठेवू नयेत. शिजलेला भात आणि दूध दोन्ही त्या उबेत लवकर खराब होतात, आणि वासावरून दर वेळी कळतंच असं नाही. एक तर वाफाळत ठेवायचं, नाहीतर लवकर गार करून फ्रीजमध्ये. शिवाय १२ जणांना पुऱ्यांसोबत साधारण ९०० ग्रॅम तांदूळ लागतील. ५ लिटरच्या कुकरमध्ये भातासाठी अर्ध्याच्या वर भरायचं नसतं, त्यामुळे वरणासकट ते बसणार नाही. कुकर वरणाला द्या, भात जाड बुडाच्या पातेल्यात करा.

उंबरठा, मी घड्याळाआधी एक गोष्ट ठरवेन: थांबण्याची जागा. म्हणजे असा टप्पा, जिथे सगळी तयारी येऊन उभी राहते आणि पाहुण्यांना अर्धा तास उशीर झाला तरी काही बिघडत नाही. त्या टप्प्यानंतर फक्त वीस मिनिटांचं काम उरलं पाहिजे. तुमच्या बेतात ती जागा १२:४० ला येते. तिच्या अलीकडे टिकणारे पदार्थ, पलीकडे फक्त तळण.

टिकण्याच्या बाबतीत तुमच्या पदार्थांचे स्वभाव वेगळे आहेत. वरण आणि रस्सा पातळ असतात, पातेलं भरलेलं असतं, त्यामुळे झाकून ठेवले की उष्णता बराच वेळ धरतात. भात झाकणाखाली पाऊण तास उत्तम राहतो. तळलेल्या पदार्थाचं उलट आहे. आतली वाफ बाहेर पडत असते आणि ती वाट मिळेल तिथे कवचात शिरते. म्हणून भजी झाकली, डब्यात भरली किंवा एकावर एक रचली की दहा मिनिटांत मऊ पडतात. तुमची भजी गार झाली म्हणून बिघडली नाहीत, स्वतःच्याच वाफेने बिघडली.

आता वेळ. १० वाजता डाळ कुकरला, मध्यम बर्नरवर. शिट्ट्या झाल्यावर दाब आपोआप उतरायला १० ते १५ मिनिटं जातात, कुकर भरलेला असेल तर जास्त. बहुतेक वेळापत्रकात ही मिनिटं धरलेलीच नसतात आणि पुढचं सगळं तिथून घसरत जातं. १०:१५ ला लहान बर्नरवर खीर, अडीच लिटर दूध, जाड बुडाच्या भांड्यात. ती साडेअकराच्या सुमारास होते, पण तुम्हाला हवी त्यापेक्षा थोडी पातळ असतानाच उतरवा, कारण तांदूळ नंतरही दूध पीत राहतो. शेजारी दोन वाट्या गरम दूध राखून ठेवा, वाढायच्या आधी तेच घालून सारखी करायची. उतरवलेली खीर त्याच लहान बर्नरवर, खाली तवा ठेवून अगदी मंद आचेवर असू द्या आणि अधूनमधून तळापासून ढवळा.

११:१५ ला मध्यम बर्नरवर रस्सा, ११:५० ला तो बाजूला. त्यावर लगेच वरणाची फोडणी आणि उकळी, १२:१० पर्यंत. यादरम्यान मोठा बर्नर मोकळा आहे, तिथे ११:३० ला कढई ठेवून भजी अर्धी तळून घ्या. तेल नेहमीपेक्षा थोडं कमी तापलेलं, दोन मिनिटं, पीठ धरलं पण रंग आला नाही इतपत. जाळीवर सुटी पसरा, झाकू नका. मग तेल गाळा.

१२:०५ ला मोठ्या बर्नरवर भाताचं पातेलं. पाणी आधीच गरम करून ठेवलं असेल तर १२:१० ला उकळी येते, १२:३० ला भात शिजतो. गॅस बंद करा. झाकणाखाली कोरडं सुती फडकं ताणून बांधा, म्हणजे वाफेचे थेंब भातावर पडत नाहीत. वरून जाड टॉवेल. बोटाने पातेल्याची कड चाचपली तर एक वाजताही चटका बसेल इतकी ती गरम असते.

१२:४० ला थांबण्याची जागा. मोठ्या बर्नरवर कढई, मध्यमवर रस्सा आणि मग वरण पुन्हा उकळीला. घट्ट वरण नुसतं आचेवर ठेवलं तर तळ लागतो आणि वर गारच राहतं, कारण दाट पदार्थात उष्णता आपोआप वर चढत नाही. त्यात पाव लिटर उकळतं पाणी घालून ढवळत गरम करा.

पुऱ्या ४८ धरल्या, एका वेळी दोन, प्रत्येक घाण्याला पाऊण मिनिट, तर सगळ्याला अठरा मिनिटं लागतात. म्हणून त्या एकदम तळू नका. पहिल्या २४ नऊ मिनिटांत होतात, मग लगेच भजी कडक तेलात दीड मिनिट, आणि ताटं वाढा. उरलेल्या २४ पंगत बसल्यावर. पुऱ्या आधी आणि भजी नंतर हा क्रम धरा. भज्यांच्या पिठाचे कण तेलात जळतात आणि पुरीला काळे ठिपके आणि कडवटपणा देतात.

पहिली पुरी तेलात कधी टाकायची, हे घड्याळावर ठेवू नका. लोक हात धुवायला उठले की टाका.

मीठभात

माझ्याकडे इंडक्शन आहे आणि कढई त्यावर नीट बसत नाही. हेच वेळापत्रक चालेल का? आणि फ्रीजमधला रस्सा गरम व्हायला किती वेळ लागतो?

शेगडीसमोर

सपाट बुडाची कढई किंवा खोलगट पॅन घ्या. तुमचं तापमान कमी-जास्त व्हायला वेळ लागत नाही, उलट बरं आहे. फ्रीजमधला ३ लिटर रस्सा मध्यम आचेवर उकळीला यायला १५ ते २० मिनिटं धरा. १२:४० ला काढलात तर पुरीच्या वेळी तो अजून थंडच असेल.

सोनचाफा

कुकरचं लक्षात आलं. पण पुऱ्या ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवल्या तर सगळ्या एकदमच तळता येतील ना? मी तसंच करते.

ताटवाटी

नाही, पुरी ओव्हनमध्ये कोरडी आणि कडक होते. भजी चालतात, जाळीवर, वीस मिनिटं.

शेगडीसमोर

पाच-सात मिनिटं राहते, फडक्याखाली. त्यापुढे चिवट होते असा माझा अनुभव, पण पीठ घट्ट मळलेलं आणि रवा घातलेला असेल तर जरा जास्त टिकते. सोनचाफा, तुमचं पीठ कसं असतं?

सोनचाफा

चार वाट्या कणकेला चार चमचे रवा. घट्टच.

ताटवाटी

मग फरक तिथेच असेल. माझ्या कणकेत रवा नसतो.

उंबरठा, दोन गोष्टी जोडते. पुऱ्यांची कणीक सकाळी ९ ला मळू नका. ती सैल पडते आणि पुरी तेल पिते. १२ ला मळून अर्धा तास झाकून ठेवा. लाटलेल्या पुऱ्या एकावर एक रचू नका, किंचित ओलसर फडक्याखाली वेगवेगळ्या ठेवा, नाहीतर कडा वाळतात आणि पुरी फुगत नाही. दुसरं, कोशिंबिरीची काकडी-टोमॅटो चिरून तयार ठेवा, पण मीठ १२:५५ नंतर. आधी घातलं की पाणी सुटतं. वाढायच्या वाट्यांमध्ये पाच मिनिटं गरम पाणी घालून ओता. गार स्टीलमध्ये वाटीभर वरण लगेच निवतं.

उंबरठा

खूप उपयोग झाला. माझी चूक दिसली: मी भजी झाकून ठेवत होते आणि सगळ्या पुऱ्या एकदम तळत होते. एक शंका आहे. तळणारी, लाटणारी आणि वाढणारी अशी तीन माणसं लागतील, म्हणजे मी एक आणि दोन मदतनीस. मग १२:४० ते १ या वेळात खीर आणि रस्सा ढवळणार कोण?

शेगडीसमोर

लाटणारी. पहिल्या २४ पुऱ्या १२:४० च्या आधी लाटून ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या असतील, तर तिचे हात रिकामे असतात. मात्र लाटून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. पाहुणे उशिरा आले तर लाटणं थांबवा, पीठ झाकून ठेवा, आणि तळायच्या आधी थोडं पुन्हा मळून घ्या.

मीठभात

पहिल्या २४ आणि दुसऱ्या २४ च्या मध्ये तेलाचं तापमान पडतं का?

शेगडीसमोर

भजी घातली की पडतं. दुसऱ्या फेरीआधी दोन मिनिटं तेल तापू द्या आणि पिठाची छोटी गोळी टाकून बघा. बुडबुडे येत ती लगेच वर आली तर तेल तयार आहे, तळाशी बसून राहिली तर अजून थांबा. धूर दिसला तर आच कमी करा.

सोनचाफा

ओव्हनमधल्या पुऱ्यांचं मी पुढच्या वेळी बघते, रव्याच्या आणि बिनरव्याच्या दोन्ही कणकी घेऊन. इथेच लिहीन.