उत्तर: बळी कोणाचा द्यायचा?

"डेडलॉकमध्ये एकमेकींची वाट बघणाऱ्या प्रोसेसचं चक्र सापडलं की सगळ्यात कमी काम झालेली प्रोसेस मारायची, म्हणजे विषय संपला ना?"

एकदा मारण्यापुरता संपतो. पण मेलेली प्रोसेस परत येते, आणि नियम तोच असेल तर परत तिचाच नंबर लागतो. महाप्याला आमच्या ऑफिसात हे मी डेटाबेसच्या लॉकवर पाहिलंय. रात्रीचा मोठा जॉब मालाच्या ओळी चढत्या क्रमाने लॉक करायचा. एक छोटी स्लिप, म्हणजे तीनच ओळी बदलणारं काम, मात्र उलट्या क्रमाने: ९०, ७०, १०. जॉबकडे १ ते ६९ होत्या. स्लिपने ९० आणि ७० घेतल्या आणि १० साठी थांबली. तेवढ्यात जॉबला ७० हवी झाली. जॉब स्लिपची वाट बघतोय, स्लिप जॉबची. कोण कोणासाठी थांबलंय याचे बाण काढले तर दोन बाणांचं चक्र. कमी ओळी बदललेली म्हणून स्लिप रद्द, तिच्या ओळी मोकळ्या.

कोडने लगेच पुन्हा प्रयत्न केला. स्लिपने ९० घेतली, पण ७० आता जॉबकडे. जॉब ९० पर्यंत पोचला आणि चक्र पुन्हा तयार! बळी अर्थात तीच. तिसऱ्यांदा ती ९० वरच थांबली, हातात एकही लॉक नव्हता, म्हणून वाचली. लॉगमध्ये दर वेळी बळी एकच दिसला तर हेच समजा.

म्हणून बळीची किंमत काढताना तो आधी किती वेळा मेलाय, हेही धरावं लागतं. MySQL च्या InnoDB मध्ये बळी मुळात बदललेल्या ओळींवरून ठरतो, त्यामुळे आम्ही निमूटपणे स्लिपच्या ओळी चढत्या क्रमाने लावल्या.