‘राउंड करून द्या’ म्हणजे किती दशांश स्थळांपर्यंत? मदत हवी आहे

एका पट्टीचं क्षेत्रफळ ‘राउंड करून’ मागितलंय. दशांश स्थळं सांगितलेली नाहीत, विचारलं तर ‘नेहमीसारखं’ एवढंच उत्तर आलं. मापं मिलिमीटरपर्यंत घेतली आहेत: १२.४ आणि ३.७ सेंमी. गुणाकार ४५.८८ येतो.

मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक धरून पाहिली, तर उत्तर ४५.०८ ते ४६.६९ मध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे ‘.८८’ला अर्थच उरत नाही, म्हणून ४६ द्यावं असं मला वाटतं. पण याच आकड्याला पुढे २५० ने गुणणार आहेत. ४६ धरले तर ११५००, ४५.८८ धरले तर ११४७०. पुन्हा मोजणं शक्य नाही.

अशा वेळी ४६ द्यावं, की ४५.८८ देऊन सोबत मापातली चूक लिहावी?